फेरमापणीनंतर फरशीचं कोटेशन वाढलं? ग्राहकाला पत्र असं लिहा

"अरे, शहात्तर हजार सांगितले होतेस, आता पावणेअठ्ठ्याऐंशी कसे?"

सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीतल्या काकूंचा हा फोन. मी काहीच समजावलं नाही. "काकू, पत्र पाठवलंय ना, त्यातली दुसरी ओळ बघा," एवढंच म्हणालो. पंधरा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला, पण प्रश्न बदलला होता. "कपाटाच्या कोनाड्यात फरशी नाही घातली तर किती वाचतील?"

पत्राचा उपयोग एवढाच असतो. "वाढले का" हा प्रश्न मिटतो आणि "आता काय करायचं" यावर बोलणं सुरू होतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. स्वतःच्या नावावर कामं घ्यायला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका बंगल्यात माप वाढलं. मी मालकांना जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, त्यांनी मान हलवली, मी काम पूर्ण केलं. शेवटच्या बिलाला ते म्हणाले, "असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही." नऊ हजार अंगावर आले. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या डोक्यात पहिला आकडा पक्का बसला होता, दुसरा कुठे लिहिलेलाच नव्हता.

मिस्त्रीकाम सोडून नुकतंच ठेकेदारीत आलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण काकूंच्याच फ्लॅटचं घेतो. दर त्या वेळचे माझे आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. हिशोबाची रीत मात्र तीच राहील.

आधी हे जवळ ठेवा

- पहिल्या कोटेशनची प्रत, आणि ते ज्यावरून केलं तो नकाशा किंवा व्हॉट्सॅपवरचा मेसेज
- स्टीलची टेप (कापडी नको, ती ताणली जाते), गुण्या, दोरी
- लेझर लेव्हल, नसेल तर पाण्याची नळी
- चौकटीची वही. एक चौकट म्हणजे एक फूट धरली की खोली कागदावर येते
- निवडलेल्या टाइलच्या खोक्याचा फोटो, ज्यात आकार, नग आणि एका खोक्यात किती चौरस फूट हे दिसेल

## १. पहिला आकडा कुठून आला होता ते शोधा

फेरमापणीला जाण्याआधी पहिलं कोटेशन उघडा आणि ते माप कुठून आलं ते स्वतःला विचारा. काकूंच्या बाबतीत त्यांनी सोसायटीच्या फाइलमधल्या नकाशाचा फोटो पाठवला होता. घरात सामान होतं, जुनी मोझॅकची फरशी होती, मी फक्त नजर टाकून आलो होतो. नकाशावरून हॉल, किचन, दोन बेडरूम आणि पॅसेज मिळून ४९८ चौरस फूट धरले. दर देताना "नकाशावरून अंदाजे, तोडकामानंतर प्रत्यक्ष मापाने" ही ओळ मी कोटेशनच्या खाली लिहिली होती. ती ओळ नसती तर हे पत्र लिहिणं फार जड गेलं असतं. तुमच्या छापील कोटेशनवर ती कायमची टाकून घ्या.

नकाशाचं माप आणि फरशीचं माप सहसा जुळत नाही. नकाशातल्या खोल्या बऱ्याचदा प्लास्टरच्या आधीच्या, विटेपासून विटेपर्यंतच्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात खोली इंच-दोन इंच लहानच निघते. उलट दाराखालची जागा, कपाटाचे कोनाडे, पॅसेजचं वळण हे नकाशावरून बेरीज करताना निसटतं.

करारनाम्यातल्या कार्पेट एरियावरून तर कोटेशन कधीच देऊ नका. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते आणि बाल्कनी वगळलेली असते. तुम्हाला भिंतींखाली फरशी घालायची नाही, बाल्कनीत मात्र घालायची आहे. म्हणजे तो आकडा दोन्हीकडून चुकीचा.

## २. तोडकाम झाल्यावर पुन्हा मोजा, आणि घरचं कोणीतरी सोबत असू द्या

काकूंच्या घरी तोडकामाचा हिशोब वेगळा होता आणि तो मिटला होता. जुनी फरशी निघाली, राडारोडा खाली गेला, हॉल आणि बाल्कनीमधली भिंत फुटली. त्या भिंतीसाठी सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचं पत्र त्यांनी आधीच घेतलं होतं. त्यानंतर मी टेप घेऊन गेलो. टेपचं दुसरं टोक त्यांच्या भाच्याने धरलं. हे मुद्दाम करतो. ज्याने स्वतः टेप धरली तो नंतर मापावर भांडत नाही.

माप लिहिताना. नवीन पोरं एक चूक हमखास करतात. १० फूट ९ इंच हे माप कॅल्क्युलेटरवर १०.९ असं टाकतात. एका फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. ९ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून १०.७५. काकूंचा हॉल १५ फूट ९ इंच बाय १० फूट ९ इंच होता. बरोबर गुणाकार १६९ येतो, चुकीच्या पद्धतीने १७३. एका हॉलमध्ये चार फुटांची चूक. तुमचं पत्र वाचणाऱ्याचा जावई इंजिनिअर असला तर ही चूक तो पहिल्या मिनिटाला काढतो, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्यक्ष मापं अशी निघाली:

| जागा | नकाशावरून | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| हॉल | १७६ | १६९ |
| किचन | ७२ | ७० |
| मोठी बेडरूम | १२० | ११७.५ |
| लहान बेडरूम | १०० | ९७.५ |
| पॅसेज (संडास-बाथरूमकडच्या वळणासह) | ३० | ४४ |
| बाल्कनी | ० | ४३ |
| चार दारांखालची आणि बाल्कनीच्या उघड्या भिंतीखालची जागा | ० | १२ |
| कपाटांचे दोन कोनाडे | ० | २२ |
| एकूण चौरस फूट | ४९८ | ५७५ |

चारही खोल्या कमी भरल्या हे बघा. ते तसंच लिहायचं. फक्त वाढलेलं दाखवलं आणि कमी झालेलं लपवलं की ग्राहकाला वास येतो.

गुण्या तपासताना. खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. खोली गुण्यात असेल तर दोन्ही सारखे भरतात. काकूंच्या हॉलचा एक कर्ण १९ फूट २॥ इंच, दुसरा १८ फूट ११। इंच. सव्वातीन इंचांचा फरक, म्हणजे दाराकडची भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दोन इंच तिरपी. जुन्या मोझॅकच्या लहान लाद्यांमध्ये हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. आता टाइल दोन बाय चारची. तिरप्या भिंतीला लागणारा प्रत्येक तुकडा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद कापावा लागतो, आणि उरलेला तिरका तुकडा दुसरीकडे बसत नाही.

म्हणून हॉल आणि बाल्कनीपुरतं वेस्टेज मी ८ ऐवजी १२ टक्के धरलं. हा आकडा हवेतला नको. चौकटीच्या वहीत टाइल मांडून बघा. ८ टक्क्यांनी या भागाला जेमतेम ३० नग येत होते, कागदावर मांडल्यावर ३२ लागत होते. तो कागदच मी पत्राला जोडला.

लेव्हल बघताना. तयार फरशीची पातळी तुम्ही ठरवत नाही, मुख्य दाराचा आणि बाथरूमचा उंबरा ठरवतो. लेझर लावून त्या पातळीपासून खाली स्लॅबपर्यंत किती खोल आहे ते प्रत्येक खोलीत चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी मोजा. माझ्या दरात मसाल्याचा थर दीड इंचाचा धरलेला होता. बेडरूम, किचन, पॅसेजमध्ये तो बरोबर निघाला. हॉलमध्ये दाराजवळ दीड आणि बाल्कनीकडे अडीच, म्हणजे सरासरी दोन इंच. बाल्कनीत पूर्ण तीन इंच, कारण पूर्वी ती हॉलपेक्षा खाली होती आणि आता दोन्ही एका पातळीत हवी होती.

इथे एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. बाल्कनी बहुतेक वेळा पुढे आलेल्या, एकाच बाजूने धरलेल्या स्लॅबवर असते. ४३ चौरस फुटांवर दीड इंच जास्तीचा मसाला म्हणजे सुमारे तीनशे किलो वजन. मी काकूंच्या इंजिनिअरना फोन करून जाडी सांगितली, त्यांनी मेसेजवर होकार दिला, मगच तो थर हिशोबात घेतला. त्यांनी नको म्हटलं असतं तर बाल्कनी खालीच ठेवून मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा टाकला असता. भर घालायचा निर्णय मिस्त्रीने एकट्याने घेऊ नये.

## ३. फरकाचे तुकडे करा

आता पैसे. एकूण फरक ११,६९७ रुपये आला. तो एका ओळीत "माप वाढल्यामुळे" असा लिहिलात तर ग्राहक त्यातून एकच अर्थ काढतो, तो म्हणजे तुम्ही आधी कमी सांगून काम पटकावलं. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला स्वतःचं कारण मिळतं आणि ते डोळ्यांनी बघता येतं.

टाइलचा हिशोब चौरस फुटात संपत नाही, तो खोक्यात संपतो. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या टाइलचे खोक्यात दोन नग असतात, म्हणजे १.४४ चौरस मीटर, आपल्या भाषेत साडेपंधरा चौरस फूट. दुकानदार अर्धं खोकं देत नाही. स्कर्टिंगही याच टाइलच्या चार इंची पट्ट्या कापून करायचं होतं, म्हणून त्याचे चौरस फूटही यातच धरायचे. नवीन माणूस नेमकं हेच विसरतो आणि शेवटच्या दिवशी तीन खोकी कमी पडतात.

पहिल्या वेळी: फरशी ४९८, स्कर्टिंग १५० रनिंग फूट म्हणजे ५० चौरस फूट, एकूण ५४८. त्यावर ८ टक्के धरून ५९२. भागिले साडेपंधरा, ३९ खोकी.

फेरमापणीनंतर: हॉल, बाल्कनी आणि मधली उघडी जागा मिळून २१८, त्यावर १२ टक्के, म्हणजे २४४. बाकी फरशी ३५७ आणि स्कर्टिंगचे ४६ मिळून ४०३, त्यावर ८ टक्के, म्हणजे ४३५. बेरीज ६७९. भागिले साडेपंधरा, ४४ खोकी.

जाडीचा दर कसा काढायचा? माझा मसाल्याचा दर दीड इंचाला १८ रुपये चौरस फूट होता. म्हणजे इंचाला १२. हॉलमध्ये अर्धा इंच जास्त, म्हणून ६ रुपये. बाल्कनीत दीड इंच जास्त, म्हणून १८ रुपये. नवा दर शोधून काढायचा नाही, जुन्यातूनच काढायचा. ग्राहकाला तो स्वतः ताडून बघता आला पाहिजे.

आणि या पत्रात दर वाढवायचा मोह टाळा. सिमेंट खरंच महागलं असेल आणि कोटेशनची मुदत संपली असेल तर ते वेगळ्या पत्रात, वेगळ्या तारखेला. दोन्ही वाढी एकत्र आल्या की खरी मापाची वाढसुद्धा संशयात जाते. मी एका ठिकाणी मजुरीत दोन रुपये हळूच वाढवले होते. पकडला गेलो, आणि त्या घरात पुन्हा काम मिळालं नाही. चूक माझीच होती.

## ४. आता पत्र

कागदावर लिहा, सही करा, फोटो काढून व्हॉट्सॅपवरही पाठवा. एका पानात बसलं पाहिजे. भाषा तुम्ही त्या माणसाशी बोलता तशीच ठेवा. "उपरोक्त विषयास अनुसरून" लिहिलंत तर काकू चष्मा काढून ठेवतील. मी लिहिलेलं पत्र, नाव-पत्ता वगळून, असं होतं:

> आदरणीय काकू,
> सप्रेम नमस्कार.
>
> तुमच्या घराच्या फरशीचं पहिलं कोटेशन ७६,०७४ रुपयांचं होतं. ते तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून दिलं होतं आणि तोडकामानंतर प्रत्यक्ष माप घेऊ असं त्यात लिहिलं होतं. काल तुमच्या भाच्यासोबत माप घेतलं. नव्या मापाने खर्च ८७,७७१ रुपये येतो, म्हणजे ११,६९७ रुपये जास्त. कोणताही दर वाढवलेला नाही. फरक असा:
>
> १. टाइल: ३९ खोक्यांऐवजी ४४ लागतील. ५ खोकी, दर १,०५० प्रमाणे, ५,२५० रुपये जास्त. बाल्कनी हॉलला जोडली, पॅसेजचं वळण, दाराखालची जागा आणि कपाटांचे कोनाडे नकाशाच्या बेरजेत नव्हते. खोल्या मात्र नकाशापेक्षा थोड्या लहान निघाल्या, तेही धरलं आहे. हॉलची दाराकडची भिंत दोन इंच तिरपी असल्यामुळे कापण्यात टाइल जास्त जाईल. टाइल कशी बसेल त्याचा कागद सोबत आहे.
>
> २. मजुरी: ४९८ ऐवजी ५७५ चौरस फूट. ७७ फूट जास्त, दर ४५ प्रमाणे, ३,४६५ रुपये जास्त.
>
> ३. खालचा मसाला, वाढलेल्या ७७ फुटांसाठी: दर १८ प्रमाणे, १,३८६ रुपये जास्त.
>
> ४. मसाल्याची जाडी: आपण दीड इंच धरला होता. हॉलमध्ये सरासरी दोन इंच लागेल (१६९ फूट, ६ रुपयांप्रमाणे १,०१४). बाल्कनीत आणि मधल्या जागेत तीन इंच लागेल (४९ फूट, १८ रुपयांप्रमाणे ८८२). मिळून १,८९६ रुपये जास्त. लेझर लावलेले फोटो पाठवले आहेत. इंजिनिअरसाहेबांनी या जाडीला होकार दिला आहे.
>
> ५. स्कर्टिंग: ओट्याखाली आणि कपाटांच्या जागी लागणार नाही, म्हणून १५० ऐवजी १३८ फूट. ३०० रुपये कमी.
>
> खर्च कमी करायचा असेल तर एक मार्ग आहे. कपाटांच्या कोनाड्यांत टाइल न घालता साधा कोबा केला तर २,०४० रुपये वाचतील. कपाटाच्या तळाखाली तो दिसणार नाही. पण पुढे कपाट काढलं तर तिथे फरशी नसेल. बाल्कनी पूर्वीसारखी खाली ठेवली तर जाडीचे पैसे वाचतात, पण मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा टाकावा लागेल, त्यामुळे फारसा फायदा नाही. शिवाय येता-जाता ठेच लागेल.
>
> सगळी खोकी एकाच वेळी मागवायची आहेत, म्हणून शनिवारपर्यंत कळवावं. तुमचा लेखी होकार येईपर्यंत टाइल मागवणार नाही आणि काम पुढे नेणार नाही. शंका असेल तर मी टेप घेऊन पुन्हा येतो, आपण मिळून मोजू.
>
> आपला,
> (सही, तारीख, फोन)

या पत्रातला क्रम बघा. जुना आकडा, नवा आकडा आणि फरक पहिल्या परिच्छेदातच आहेत. वाईट बातमी तिसऱ्या पानावर लपवू नका, माणूस तीच शोधत असतो. नंतर साधारण मोठ्या रकमेपासून लहानाकडे. कमी झालेले तीनशे रुपये वेगळ्या ओळीत. तीनशे रुपये म्हणजे काहीच नाही, पण काकूंनी फोनवर सगळ्यात आधी त्याचाच उल्लेख केला.

कोनाड्यांचे २,०४० कुठून आले तेही सांगतो, कारण ग्राहक विचारतोच. २२ फुटांची मजुरी ९९० रुपये वाचते. टाइल २२ फूट कमी म्हणजे वेस्टेज धरून पावणेचोवीस फूट कमी, त्यामुळे ६७९ चे साधारण ६५५ होतात आणि ४४ ची ४३ खोकी. एकच खोकं, १,०५० रुपये. मसाला मात्र वाचत नाही, कारण कोबा करायचाच आहे. "टाइल दीड खोक्याची वाचली, मग एकाचेच पैसे का?" हा प्रश्न येईल. उत्तर तेच, अर्धं खोकं विकत मिळत नाही.

## ५. पत्र कधी द्यायचं

टाइलची ऑर्डर देण्याआधी. ही वेळ चुकली की पत्राचा अर्धा जोर जातो.

यामागे धंद्याचं कारणही आहे. खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. आज ३९ खोकी आणली आणि महिन्याने पाच आणली, तर डिझाइन तेच असूनही रंगात किंचित फरक येऊ शकतो, आकारातही अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो. मग सांधे एका रेषेत येत नाहीत. पांढरट टाइलवर दुपारच्या उन्हात हा फरक लगेच डोळ्यात भरतो. म्हणून होकार येईपर्यंत थांबा, आणि आला की सगळी खोकी एका बॅचची घ्या. माल उतरवताना प्रत्येक खोक्याचा नंबर बघा, बिलावरचा नाही.

तोंडी होकार चालत नाही. व्हॉट्सॅपवर "ठीक आहे, ८७,७७१ मान्य" एवढं आलं तरी पुरे, पण आकडा त्यात असावा. नुसता अंगठा आला तर मी परत विचारतो, "काकू, रक्कम लिहून पाठवा." थोडं अवघड वाटतं. नऊ हजार बुडाल्यावर वाटत नाही.

तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटीची ओळ टाकू नका, तसा कर गोळा करता येत नाही. नोंदणी असेल तर तो पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही आकड्यांत सारख्या पद्धतीने दाखवा. एकात धरून आणि दुसऱ्यात सोडून तुलना केली तर सगळा हिशोब बिघडतो.

## ६. ग्राहक काय काय म्हणतात

"तुम्ही अनुभवी आहात, आधीच का नाही कळलं?" याला खरं उत्तर द्या. फरशीखालचा स्लॅब फरशी निघेपर्यंत दिसत नाही. पण पॅसेजचं वळण मला आधी दिसायला हवं होतं. मी काकूंना तसं सांगितलं. जे तुमच्या नजरचुकीने राहिलं ते मान्य करा. त्याचे पैसे सोडायचे की नाही हे वेगळं, कारण ती चौदा फूट फरशी पहिल्यापासून लागणारच होती. मी सोडले नाहीत, काकूंनीही मागितले नाहीत.

"शेजारी ठोकात सत्तर हजारांत करून देतोय." ठोकातल्या कोटेशनमध्ये मसाल्याची जाडी किती धरली आहे, स्कर्टिंग आहे का आणि खोकी किती, हे तीन प्रश्न त्यांनाच विचारायला सांगा. तुम्ही त्या माणसाला नावं ठेवू नका. स्वस्तात करणाऱ्यांपैकी काही जण थर पातळ करतात आणि टाइलखाली पोकळी राहते. काम झाल्यावर नाण्याने ठोकून बघितलं की पोकळ जागी डबडब आवाज येतो. हे ग्राहकाला शिकवून ठेवा, तुमच्या स्वतःच्या कामासाठीसुद्धा.

"थोडं कमी करा की." इथे बहुतेक जण हजार रुपये सोडून मोकळे होतात. मी सोडत नाही. कारण सोडले की समोरच्याला वाटतं, वाढीव आकड्यात हवा होतीच. त्याऐवजी काम कमी करायचा मार्ग दाखवतो, कोनाड्यांसारखा. पैसे कमी होतात, तसं कामही कमी होतं, आणि दर जागेवर राहतो.

काकूंनी शेवटी कोनाडे कोब्याचे ठेवले. होकाराच्या मेसेजमध्ये ८५,७३१ हा आकडा त्यांनी स्वतः वजाबाकी करून लिहिला होता, आणि खाली एक ओळ: "भाचा म्हणतो किचनचं माप त्याने परत घेतलं, सत्तरच आहे."

खोकी त्रेचाळीस आली, एका बॅचची. काम संपल्यावर दोन अख्ख्या टाइल आणि तुकड्यांचा ढीग उरला. त्या दोन टाइल मी कोनाड्यात कपाट बसण्याआधी भिंतीला उभ्या करून ठेवल्या. पुढेमागे एखादी फुटली तर त्याच बॅचची टाइल दुकानात मिळणार नाही, हे काकूंच्या भाच्याला दाखवून ठेवलंय.